पिशवीचं पाश्चराइज्ड दूध घरी पुन्हा तापवणं

सकाळी दारात आलेली पिशवी कापली की दूध पातेल्यात ओतून गॅसवर चढवायचं, मुंबईतल्या बहुतेक घरांत हेच चालतं. तबेल्यातल्या सुट्या दुधाला ते अजूनही लागतंच. पण पिशवीवर पाश्चराइज्ड लिहिलंय आणि दूध डेअरीपासून घरापर्यंत थंड राहिलंय, तर जंतूंसाठी म्हणून परत उकळायची गरज नाही.

डेअरीत दूध साधारण 72 अंशांवर 15 सेकंद तापवून लगेच गार करतात (जुनी पद्धत 63 अंशांवर 30 मिनिटांची). पाश्चरचे 1860च्या दशकातले प्रयोग वाइनवर होते, दुधासाठी हे सुचवायचं श्रेय बहुतेक जण जर्मन रसायनतज्ज्ञ सॉक्सलेटला देतात, काळ साधारण 1886. तापमान कशावरून ठरलं याबद्दल मात्र घोळ आहे, चव टिकावी म्हणून असं काही ठिकाणी वाचायला मिळतं, पण जास्त पटणारं मत असं की आधी क्षयाचा जंतू मरेल इतपत ते ठेवलं आणि पुढे क्यू फीवर या जनावरांकडून येणाऱ्या तापाचा जंतू थोडा चिवट निघाला म्हणून अमेरिकेत 1950च्या दशकात किंचित वाढवलं. तापवणं पुरेसं झालं का हे फॉस्फटेज चाचणीने कळतं, कारण दुधातलं हे एन्झाइम साधारण त्याच तापमानाला निकामी होतं.

काही चिवट जंतू आणि बीजाणू, म्हणजे जंतूंची कवचातली सुप्त रूपं, मात्र यातून वाचतात, आणि बीजाणू घरच्या उकळीलाही सगळे मरत नाहीत. समजा पहाटे क्रेट फुटपाथवर उतरले, पिशवी दाराच्या कडीला तासभर लटकली, मे महिना. वाचलेले जंतू तेवढ्यात वाढतात, आंबटपणा चढतो आणि गॅसवर ठेवल्यावर दूध नासतं. डेअरीत येणाऱ्या दुधाचा नमुना उकळून फाटतो का बघतात, आपणही नकळत तीच टेस्ट करतो. अशा दुधाला एक उकळी द्यावी हे बरोबर, पण न फाटलेलं दूध म्हणजे चांगलंच असं नाही, आंबटपणा कमी असेल तर ते फाटत नाही.

सत्त्व जातं का? कॅल्शियम जवळपास तेवढंच राहतं, थोडं पातेल्याच्या बुडाला चिकटतं. प्रथिनांचा आकार बदलतो, पचायला तशी हरकत नाही. अ आणि ड जीवनसत्त्वं उष्णतेला बऱ्यापैकी टिकतात, बी2 पण टिकतं, त्याचा शत्रू उजेड. झळ बसते ती बी1, बी12, फोलेट आणि क ला, त्यातलं क दुधात मुळातच नगण्य. म्हणजे एका उकळीने फार बिघडत नाही, पण सकाळी चहाला, दुपारी सायीसाठी, रात्री परत असं तेच पातेलं चढत राहिलं तर घट दर वेळी साचते, आणि मध्ये ओट्यावर कोमट पडलेलं दूध हा जास्त मोठा प्रश्न, कारण वाचलेल्या बीजाणूंना तीच वेळ फावते. त्यापेक्षा पिशवी फ्रिजमध्ये ठेवून लागेल तेवढंच काढून गरम करावं. सायीसाठी उकळायचंच असेल तर एकदाच, आणि गार झालं की लगेच आत.