बीप वाजली, पण पैसे गेले नाहीत: मोबाईल टॅप नेमका कुठे अडतो?

मोबाईल मशीनला लावला आणि व्यवहार झाला नाही, की रांगेतून हमखास सल्ला येतो: "नेट चालू आहे का बघा." निदान बहुतेक वेळा चुकलेले असते. टॅप करून पैसे देताना मोबाईलला त्या क्षणी इंटरनेट लागतच नाही. विमान मोड लावून फक्त एनएफसी, म्हणजे अगदी जवळून मशीनशी बोलायची मोबाईलमधली रेडिओ सोय, चालू ठेवली तरी पैसे जातात. बँकेपर्यंत निरोप पोचवायचे काम मशीनचे असते. मोबाईल बोलतो तो फक्त मशीनशी, तेही जेमतेम चार सेंटीमीटरवरून.

म्हणून व्यवहार अडला की आधी पाहायचे ते हे, की नकार दिला कोणी? मशीन काहीच दाखवत नाही, बीपही वाजत नाही, तर दोघांची भेटच झालेली नाही. अशा वेळी दोष मोबाईलच्या सेटिंगमध्ये किंवा तो धरण्याच्या पद्धतीत असतो. मशीनने लगेच, जोडणीचा संदेश न दाखवता "कार्ड घाला" म्हटले, तर नकार बहुतेक मशीनचाच असतो आणि त्यामागे अनेकदा मर्यादेचा प्रश्न असतो. बीप वाजली, दोन-चार सेकंद जोडणी चालली आणि मग "नामंजूर" आले, तर निरोप वरपर्यंत जाऊन परत आला आहे. बीपचा अर्थ "पैसे मिळाले" असा नसतो. "वाचून झाले, मोबाईल काढा" एवढेच ती सांगते.

या तिसऱ्या प्रकारातच टोकनची भानगड येते, आणि लोक सगळ्यात जास्त गोंधळतात ते इथेच, कारण खात्यात पैसे असतात, प्लास्टिकचे कार्ड त्याच मशीनवर चालते, आणि मोबाईल मात्र नाकारला जातो.

वॉलेटमध्ये, म्हणजे मोबाईलमधल्या पैसे देणाऱ्या अ‍ॅपमध्ये, कार्ड भरले की मोबाईलमध्ये कार्डाचा नंबर साठतो, असा समज आहे. तो नंबर तिथे नसतो. कार्ड नोंदवताना व्हिसा, मास्टरकार्ड यांसारख्या नेटवर्कची टोकन सेवा एक वेगळाच नंबर तयार करते. दिसायला तो कार्ड नंबरसारखाच असतो, आणि मशीनला फरक कळत नाही. हा नंबर म्हणजे टोकन. कोणते टोकन कोणत्या कार्डाचे, ही नोंद नेटवर्कच्या तिजोरीत राहते. टोकनची स्वतःची मुदत असते, ती कार्डावर छापलेल्या तारखेपेक्षा वेगळी असू शकते. आणि ते त्या एकाच मोबाईलपुरते असते. रेखांकित धनादेश दुसऱ्याच्या हाती लागला तरी तो वटवून रोख घेता येत नाही, तसेच हे टोकन कोणी चोरून संकेतस्थळावर टाकले तर चालत नाही. तेच कार्ड दुसऱ्या मोबाईलमध्ये भरले की दुसरे टोकन निघते. नवा मोबाईल घेऊन जुन्यातला सगळा डेटा उतरवला तरी टोकन उतरत नाही, कार्ड पुन्हा नोंदवावेच लागते.

टोकन एकटे पुढे जात नाही. प्रत्येक टॅपला मोबाईल आठ बाइटची एक सही तयार करतो, तिला क्रिप्टोग्राम म्हणतात. मशीन मोबाईलला रक्कम, चलन, तारीख आणि चार बाइटचा एक यादृच्छिक आकडा देते. मोबाईल त्यात स्वतःचा व्यवहार-गणक मिसळतो, जो दर व्यवहाराला एकाने वाढतो, आणि गुप्त किल्लीने हे सगळे बांधून सही काढतो. रक्कम बदलली तर सही जुळत नाही. कालची सही आज वापरली तर गणक आणि तो आकडा दोन्ही चुकतात. टॅप करताना कोणी हवेतून हे सगळे टिपले, तरी त्याच्या हाती एकदाच चाललेला आणि बाद झालेला कागद येतो. या सगळ्या व्यवस्थेतली सर्वात देखणी गोष्ट हीच आहे.

प्रश्न उरतो तो गुप्त किल्ली ठेवायची कुठे, आणि इथे मोबाईलचे दोन प्रकार पडतात. आयफोनमध्ये ती एका वेगळ्या सुरक्षित चिपमध्ये कायमची बसते. बहुतेक अँड्रॉइड फोनवर गुगल वॉलेट मात्र अशा चिपवर विसंबत नाही, कार्डाची भूमिका सॉफ्टवेअरच वठवते. ही सोय अँड्रॉइडमध्ये 2013 साली, 4.4 आवृत्तीत आली. सॉफ्टवेअरमध्ये कायमची किल्ली ठेवणे धोक्याचे, म्हणून मूळ किल्ली सर्व्हरवरच राहते आणि मोबाईलला तात्पुरत्या किल्ल्या मिळतात. कुठे एका व्यवहाराला एक, कुठे एकच किल्ली ठराविक व्यवहारांपुरती किंवा ठराविक मुदतीपुरती. साठा कमी झाला की वॉलेट गुपचूप इंटरनेटवरून नवा मागवते. म्हणजे "नेट बघा" हा सल्ला अगदीच खोटा नाही, फक्त त्याची वेळ चुकलेली असते. मोबाईल बरेच दिवस नेटविना राहिला, किंवा बॅटरी वाचवण्याच्या सेटिंगने वॉलेटला मागे काम करूच दिले नाही, तर किल्ल्या संपतात आणि वॉलेट स्वतःच इंटरनेटला जोडायला सांगते. नेट चालू करून वॉलेट उघडावे, मिनिटभर थांबावे आणि मग टॅप करावे.

आता एक प्रकरण तपशिलात पाहू. समजा जुने कार्ड 8820 वर संपत होते आणि त्याचे मोबाईलमधले टोकन 3096 वर संपते. कार्डाची मुदत संपली, बँकेने 4471 वर संपणारे नवे कार्ड पाठवले. नियम असा, की बँकेने नेटवर्कला "3096 च्या मागे आता 4471 समजा" असे कळवायचे. तसे कळवले तर मोबाईलमध्ये काहीच बदलावे लागत नाही, टोकन तेच राहते आणि फक्त तिजोरीतली नोंद बदलते. कळवायचे राहिले, तर टॅप केल्यावर सही बरोबर ठरते, नेटवर्क 3096 उलगडून 8820 काढते, बँकेकडे पाठवते, आणि बँक म्हणते की हे कार्ड संपले. पावतीवर नकाराचा कोड छापला असेल तर तो 54 असू शकतो, म्हणजे मुदत संपलेले कार्ड. खात्यात शिल्लक कमी असती तर तिथे 51 दिसला असता. 05 मात्र काहीच सांगत नाही, बँकेने कारण न देता नाही म्हटले एवढाच त्याचा अर्थ. बँकेने नवे कार्ड दुसऱ्या नेटवर्कचे दिले असेल तर कळवूनही उपयोग नसतो, कारण एका नेटवर्कचे टोकन दुसऱ्याकडे जात नाही.

हे ताडून पाहणे सोपे आहे. गुगल वॉलेटमध्ये कार्डाच्या तपशिलात Virtual account number आणि आयफोनच्या वॉलेटमध्ये Device Account Number या नावाखाली टोकनचे शेवटचे चार आकडे दिसतात. पावतीवरही बहुधा हेच चार आकडे छापले जातात, त्यामुळे ते कार्डाशी जुळत नाहीत म्हणून घाबरू नये. पण वॉलेटमध्ये कार्डाचे म्हणून अजून जुन्या कार्डाचे आकडे दिसत असतील, तर नोंद हललेली नाही. ते कार्ड वॉलेटमधून काढून नवे भरावे. भरल्यावर बँकेची पडताळणी पूर्ण करावी, कारण ती अर्धवट राहिली तरी कार्डाचे चित्र वॉलेटमध्ये दिसू शकते आणि टोकन मात्र निष्क्रिय असते.

मर्यादेचा प्रश्न वेगळाच आहे, आणि त्यात ग्राहकाचा दोष क्वचितच असतो. मशीनमध्ये मुख्यतः दोन उंबरठे बसवलेले असतात. एकाच्या वर ओळख पटवावी लागते, दुसऱ्याच्या वर टॅपच चालत नाही. प्लास्टिकच्या कार्डाला पिन विचारता येतो, पण मोबाईलवर बोट किंवा चेहरा दाखवून ओळख आधीच पटलेली असते आणि मोबाईल तसे मशीनला सांगतो. मास्टरकार्डच्या पद्धतीत तर वरचा उंबरठा दोनदा लिहावा लागतो: ओळख न पटवणाऱ्या साधनांसाठी एक, पटवणाऱ्यांसाठी दुसरा. मशीन बसवणाऱ्याने दोन्हीकडे एकच आकडा भरला, की मोबाईलने कितीही ओळख पटवली तरी मोठी रक्कम जात नाही. छोटी रक्कम जाते, मर्यादेच्या दीडपट रक्कम लगेच नाकारली जाते, आणि शेजारच्या मशीनवर तीच रक्कम जाते, असे झाले तर हेच कारण समजावे. त्या वेळी चिपचे कार्ड आत घालावे. कायमचा उपाय मशीन पुरवणाऱ्या बँकेकडे असतो, मोबाईलमध्ये काही बदलून फरक पडणार नाही.

मशीनवर "मोबाईल पाहा" असा संदेश आला तर तो नकार नाही. रकमेला ओळख हवी आहे आणि मोबाईलने ती अजून घेतलेली नाही, एवढेच. या पहिल्या टॅपला सही बनतच नाही, बँकेकडे काही जात नाही, त्यामुळे पैसे दोनदा कापले जाण्याची भीती नको. बोट लावावे आणि पुन्हा टॅप करावे.

राहिली सेटिंग. एनएफसी बंद असणे हे सर्वात साधे कारण, आणि ते बंद ठेवण्यामागे पुष्कळदा एक फॉरवर्ड असते: गर्दीत कोणी मशीन खिशाला लावून खाते रिकामे करतो म्हणे. कुलूपबंद मोबाईल नेहमीच्या खरेदीची सही सहसा देत नाही. अपवाद प्रवासाच्या फाटकांसाठी मुद्दाम चालू केलेल्या सोयीचा. शिवाय मशीनमधले पैसे कोणाच्या तरी नोंदवलेल्या खात्यातच जातात. या भीतीपोटी एनएफसी बंद ठेवणारा माणूस फक्त स्वतःचाच व्यवहार अडवतो.

दुसरे कारण, मोबाईलमध्ये पैसे देणारी दोन अ‍ॅप असणे. मशीनने विचारल्यावर उत्तर कोणी द्यायचे ते सेटिंगमध्ये ठरते. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर ते Connected devices, मग Connection preferences, मग NFC, मग Contactless payments इथे सापडते. तिथे चुकीचे अ‍ॅप निवडलेले असेल तर मोबाईल उत्तर देतो, पण रिकामे. काही फोनवर सुरक्षित घटकाचे स्थान निवडायचा वेगळा पर्यायही असतो, तिथे HCE Wallet हवे, म्हणजे कार्डाची भूमिका सॉफ्टवेअर वठवते. तिसरी गोष्ट स्क्रीन लॉकची. आयफोनचा पासकोड काढून टाकला की अ‍ॅपल पेमधली सगळी कार्डे पुसली जातात, आणि पासकोड पुन्हा लावल्याने ती परत येत नाहीत.

धरण्याबद्दल थोडेसे. आयफोनचा अँटेना वरच्या कडेला असतो, बऱ्याच अँड्रॉइड फोनचा पाठीच्या मध्याजवळ. तो भाग मशीनवरच्या लहरींच्या खुणेसमोर आणून स्थिर धरावा. मोबाईल आपटल्याने किंवा घासल्याने बोलणे मध्येच तुटते. कव्हरमध्ये लोखंडी पट्टी असेल तर ती चुंबकीय क्षेत्र गिळते, आणि कव्हरच्या खिशात टॅपचे कार्ड ठेवले असेल तर मशीनला एकाच वेळी दोन कार्डे दिसतात आणि ते दोन्ही नाकारते.

कार्ड वॉलेटमधून काढण्याआधी एक पाहावे: मोबाईलने केलेल्या एखाद्या खरेदीचा परतावा यायचा बाकी आहे का. दुकानदार परताव्यासाठी पावतीवरचे टोकनचे आकडे जुळवतो, बरेचदा त्याच मोबाईलचा पुन्हा टॅपही मागतो, आणि पुन्हा भरलेल्या कार्डाला बहुधा नवे टोकन मिळालेले असते.