साडेपाच तासांची झोप, साडेआठ तासांची गादी

कोपरखैरण्याच्या एक ताई माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांची झोप बिघडून अकरा वर्षं झाली होती. वय बावन्न, ठाण्यातल्या एका कचेरीत हिशेबाचं काम. (ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.) रात्री साडेनऊलाच त्या गादीवर पडायच्या. झोप यायला वेळ लागतो, तर निदान लवकर पडावं, हा त्यांचा हिशेब. साडेअकरापर्यंत कूस बदलत राहायच्या. अडीचला जाग यायची ती साडेतीनपर्यंत टिकायची. सकाळी सहाला उठायचं, डबे करायचे आणि लोकल पकडायची.

बोलता बोलता त्या म्हणाल्या, "संध्याकाळी ठाण्याहून गाडीत बसले ना, की ऐरोली यायच्या आत मान लवंडते. घरी गादीवर पाठ टेकली की टक्क जागी."

जुन्या निद्रानाशाची ही अगदी ओळखीची खूण आहे. झोप येण्याची यंत्रणा शाबूत असते. ती गाडीत चालते, सोफ्यावर चालते, माहेरी गेलं तरी चालते. आपल्याच गादीवर मात्र अडते. असं का होतं?

निद्रानाश सुरू होतो एका कारणानं आणि टिकतो दुसऱ्याच कारणानं, हे आर्थर स्पीलमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचं म्हणणं मला फार मोलाचं वाटतं. ताईंच्या बाबतीत सुरुवात सासूबाईंच्या आजारपणात झाली. रात्री तीनदा उठावं लागायचं. ते आजारपण संपून वर्षं लोटली. मधल्या काळात त्यांनी झोप भरून काढण्यासाठी जे उपाय लावून घेतले, लवकर पडणं, रविवारी उशिरापर्यंत लोळणं, दुपारची डुलकी, तेच निद्रानाशाला खतपाणी घालत राहिले.

आपण जागे असतो तोवर मेंदूत झोपेची ओढ हळूहळू साठत जाते. अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन या साठवणीत मोठा भाग घेतं. (कॉफी झोप उडवते ती याच रसायनाची वाट अडवून.) दिवसभर साठलेली ही ओढ रात्री खर्च होते. ताईंकडे सध्या साडेपाच तास पुरेल एवढी झोप होती आणि ती त्या साडेआठ तासांवर पसरत होत्या. थोडं पीठ मोठ्या पोळपाटावर ताणलं की पोळीला भोकं पडतात, तसं त्यांच्या रात्रीचं झालं होतं.

दुसरी गोष्ट सवयीची. रोज तीन तास गादीवर जागं राहून, घड्याळ बघून, उद्याच्या चिंता करून मेंदू एक जोडी पक्की करतो: गादी म्हणजे जागरण. मग ती खोली, ती उशी, दिवा बंद करण्याची ती कृतीच जागं करायला पुरते. १९७२ मध्ये रिचर्ड बूटझिन यांनी ही जोडी तोडण्याची पद्धत मांडली. तिला स्टिम्युलस कंट्रोल म्हणतात. पुढे १९८७ मध्ये स्पीलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गादीवरचा वेळच कमी करण्याची पद्धत मांडली, ती स्लीप रिस्ट्रिक्शन. निद्रानाशासाठीच्या वर्तनोपचाराचे, म्हणजे सीबीटी-आयचे, हे दोन सर्वांत मजबूत भाग. मोठ्यांच्या जुन्या निद्रानाशावर गोळ्यांच्या आधी हा उपचार द्यावा, अशी शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संस्थेनं २०१६ मध्ये केली.

ताईंना मी आधी आठवडाभर फक्त नोंद ठेवायला सांगितली. कधी पडलात, अंदाजे किती वेळानं झोप लागली, मध्ये किती वेळ जाग होती, कधी उठलात. हे सगळं सकाळी, आठवून. रात्री घड्याळ बघायचं नाही, कारण घड्याळ बघणं हेच जागं करणारं काम आहे. आकडे मिनिटाला बरोबर नसतात, तरी चालतं. सात दिवसांची सरासरी आली साडेपाच तास झोप, म्हणजे ३३० मिनिटं. गादीवरचा वेळ ५१० मिनिटं. ३३० भागिले ५१०, म्हणजे ६५ टक्के. गादीवरच्या वेळातला एवढाच भाग त्या खरोखर झोपत होत्या. आपलं लक्ष्य असतं ८५ ते ९०च्या घरात.

आता उपाय. गादीवरचा वेळ झोपेएवढाच करायचा. आधी उठायची वेळ ठरवायची आणि ती रविवारीही हलवायची नाही. ताईंनी साडेपाच निवडली. तिथून साडेपाच तास मागे मोजले तर रात्रीचे बारा. बाराच्या आत गादीला पाठ लावायची नाही. सरासरी झोप चार तास भरली तरी गादीवरचा वेळ पाच तासांच्या खाली आणत नाहीत, हे इथंच सांगून ठेवते.

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "अहो, मला झोप येत नाही म्हणून आले, आणि तुम्ही आहे तीही काढून घेताय?" प्रश्न रास्त होता, आणि याचं खरं उत्तर आधीच द्यावं लागतं: पहिले दोन आठवडे झोप खरोखर कमी होते, दिवसा पेंग येते, चिडचिड होते. त्याच पेंगेवर हा उपचार चालतो. ओढ इतकी साठू द्यायची की गादीवर जागं राहायला जागाच उरू नये.

त्या पेंगेची जोखीमही खरी आहे. ताई स्टेशनपर्यंत स्कूटरनं जायच्या. पहिले तीन आठवडे स्कूटर बंद, रिक्षा. बस-ट्रक चालवणारे, मशीनवर काम करणारे यांनी हे आपल्या मनानं करू नये. बायपोलर आजार असेल तर झोप कमी केल्यानं उन्मादाचा झटका येऊ शकतो, अपस्मार असेल तर फिट येऊ शकते, झोपेत चालण्याची सवय असेल तर ती वाढू शकते. जोरात घोरणं आणि मध्येच श्वास अडणं असेल तर आधी त्याची तपासणी. झोपेच्या गोळ्या चालू असतील तर त्या एकदम सोडायच्या नाहीत, डॉक्टरांशी बोलूनच कमी करायच्या. ताईंच्या बाबतीत यातलं काही नव्हतं.

सगळ्यांत अवघड ठरलं ते साडेनऊ ते बारा जागं राहणं. मंद दिव्यात बसून त्या दुसऱ्या दिवसाची भाजी निवडायच्या, साड्यांना इस्त्री करायच्या. बारा वाजले तरी लगेच आडवं व्हायचं नाही. आधी स्वतःला विचारायचं, मला झोप आली आहे की मी दमले आहे? दमलेल्या माणसाचं अंग दुखतं, डोकं चालू असतं. झोप आलेल्याच्या डोळ्यांवर झापड येते, तेच वाक्य तो पुन्हा पुन्हा वाचतो. अकरा वर्षांत हा फरक ताई विसरून गेल्या होत्या.

पडल्यावर अंदाजे वीस मिनिटांत झोप लागली नाही, किंवा वैताग यायला लागला, तर उठून खोलीबाहेर जायचं, पुन्हा झापड आली की परतायचं. मध्यरात्रीच्या जागेलाही हाच नियम. आता आपल्याकडची अडचण. वन बीएचके घर. आत नवरा झोपलेला, हॉलमध्ये मुलगा. दुसऱ्या खोलीत जा म्हणायला दुसरी खोली असावी लागते. ताईंनी स्वयंपाकघरात खिडकीजवळ एक खुर्ची ठेवली, छोटा दिवा आणि जुने दिवाळी अंक. तेवढं पुरलं. ज्यांच्याकडे तेही नसेल त्यांनी गादीशेजारी खुर्ची ठेवली तरी चालेल. आडवं पडून जागं राहायचं नाही, हा खरा मुद्दा. मोबाइल मात्र नको, त्यात पाच मिनिटांचा तास होतो.

आणि गाडीत? "गाडी ठाण्याहूनच सुटते, बसायला जागा मिळते," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, उभ्या राहा. संध्याकाळची वीस मिनिटांची डुलकी म्हणजे रात्रीच्या साठ्यातली उचल.

पहिल्या आठवड्यात झोप ४ तास ५० मिनिटांवर उतरली. तीन रात्री खुर्चीत गेल्या. पण भागाकार केला तर ८८ टक्के. नियम साधा आहे: आठवड्याची सरासरी ९० टक्क्यांच्या वर गेली तर गादीवरचा वेळ पंधरा मिनिटांनी वाढवायचा, ८५ ते ९० असेल तर तसाच ठेवायचा, त्याखाली गेली तर पंधरा मिनिटं कमी करायची. म्हणून पुन्हा बाराच. दुसऱ्या आठवड्यात ९२ टक्के, मग पावणेबारा. तिसऱ्यात ९१, मग साडेअकरा.

चौथ्या आठवड्यात गाडी रुळावरून घसरली. ८२ टक्के. ताई रडवेल्या झाल्या, "माझ्यावर हे चालत नाही." वहीत कारण दिसत नव्हतं, म्हणून संध्याकाळ तासातासानं विचारली. जेवणानंतर मालिका बघताना सोफ्यावर डोळा लागत होता. त्यांच्या लेखी ती झोप नव्हतीच, "जरा डोळे मिटले होते" एवढंच. मुलाला विचारलं तर तो म्हणाला, आई घोरते. पाऊण तास! आकडा अचानक खाली आला की मी आधी असा हरवलेला पाऊण तास शोधते, आणि बहुतेक वेळा तो सोफ्यावरच सापडतो. नियमाप्रमाणे पडायची वेळ पुन्हा पावणेबारा झाली आणि मालिका त्या पाठ न टेकता, स्टुलावर बसून बघू लागल्या. पाचव्या आठवड्यात आकडा ९३.

आठव्या आठवड्याच्या शेवटी त्या अकराला पडत होत्या, साडेपाचला उठत होत्या, आणि झोप जवळजवळ सहा तास. म्हणजे वाढ फक्त अर्ध्या तासाची. हा आकडा ऐकून काही जण निराश होतात, म्हणून त्याच्याकडे नीट बघायला हवं. गादीवर जागं असण्याचे तीन तास अर्ध्या तासावर आले होते. रात्र सलग झाली होती. आठ तासांचा आग्रह त्यांनी सोडला, कारण सहा तासांवर त्यांना दिवसा पेंग येत नव्हती. यापुढे वेळ वाढवून पाहिला तर मध्यरात्रीची जाग परत येऊ लागली, म्हणून तिथेच थांबलो.

सत्तरीपुढच्या माणसांना मी एकदम बारापर्यंत बसवत नाही, पेंगेत तोल जाऊन पडण्याची भीती असते. त्यांचा गादीवरचा वेळ दर आठवड्याला पंधरा ते तीस मिनिटांनी कमी करत आणते. वेळ जास्त लागतो, पण दिशा तीच.

गेल्या गणपतीत ताईंकडे गावाहून पाहुणे होते. चार रात्री जागरण झालं, पाचव्या रात्री अडीचला जुनी जाग आली. सहाव्या दिवशी त्यांचा फोन आला. मी काही सांगायच्या आत त्यांनीच सांगितलं, वही काढली आहे, खुर्ची खिडकीशी लावली आहे, आणि आजपासून पडायचं साडेअकराला.