मुदत ठेवीवरील क्रेडिट कार्ड : पात्रता, कागदपत्रे आणि एक महत्त्वाची खबरदारी

ज्यांनी आजवर कर्जही घेतलेले नाही आणि क्रेडिट कार्डही वापरलेले नाही, त्यांच्या सिबिल अहवालात तीन आकडी गुणांऐवजी ‘इतिहास नाही’ अशा अर्थाची नोंद दिसते. नेहमीच्या कार्डासाठी त्यांचा अर्ज अनेकदा याच कारणाने नाकारला जातो. अशांसाठी मुदत ठेव तारण ठेवून मिळणारे कार्ड हा सर्वांत सरळ मार्ग आहे. येथे बँकेची जोखीम ठेवीने झाकलेली असते, त्यामुळे पगाराची पावती किंवा आयकर विवरणपत्र सहसा मागितले जात नाही. गृहिणी, शेतकरी, फिरते विक्रेते आणि नुकतेच नोकरीला लागलेले तरुण यांना हे कार्ड त्यामुळेच आवाक्यातले वाटते.

अर्जदाराचे वय १८ वर्षे पूर्ण असावे आणि ठेव त्याच्या स्वतःच्या नावे असावी. संयुक्त ठेव काही बँका स्वीकारतात, पण तेव्हा सर्व ठेवीदारांच्या सह्या लागतात. अज्ञान मुलाच्या नावावरील ठेव चालत नाही. करबचतीसाठी ठेवलेली पाच वर्षांची ठेवही तारण ठेवता येत नाही, त्यामुळे केवळ तीच ठेव असेल तर दुसरी काढावी लागते. ठेवीची किमान रक्कम बँकेनुसार बदलते. कार्डाची मर्यादा बहुधा ठेवीच्या ७५ ते ९० टक्के असते, काही ठिकाणी शंभर टक्केही मिळते.

कागदपत्रांत पॅन कार्ड, आधार किंवा पत्त्याचा अन्य अधिकृत पुरावा, छायाचित्र, ठेवीची पावती आणि भरलेला अर्ज एवढेच लागते. लग्नानंतर आडनाव बदललेल्या स्त्रियांनी मात्र अर्जापूर्वी पॅन, आधार आणि बँक खाते यांवरील नाव एकसारखे करून घ्यावे, कारण तिन्हींत तफावत असेल तर अर्ज अडतो आणि पुढे पतनोंदही चुकीच्या नावाखाली विखुरण्याची शक्यता असते. अर्जासोबत एक तारणपत्रही असते. त्यावर सही करताना आपण ठेवीवर बँकेचा लिअन, म्हणजे धारणाधिकार, मान्य करत असतो. थकबाकी ठेवीतून वळती करण्याचा अधिकारही आपण त्यातच बँकेला देतो. ठेवीवर व्याज नेहमीप्रमाणे मिळत राहते, मात्र कार्ड चालू असेपर्यंत ती मोडता येत नाही. मुदत संपताच ठेव आपोआप नूतनीकृत होईल, असा पर्याय अर्जातच निवडावा.

सर्वाधिक गैरसमज याच तारणपत्राविषयी आहे. ठेव बँकेकडेच असल्यामुळे बिल चुकले तरी बँक ते परस्पर ठेवीतून वळते करेल, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात बिल देय तारखेपूर्वी स्वतःच भरावे लागते. ठेवीला बँक हात लावते ती बहुधा थकबाकी बराच काळ राहिल्यानंतर, आणि तोपर्यंत उशिराची नोंद सिबिलसारख्या पतमाहिती कंपन्यांकडे पोहोचलेली असते. ज्या कामासाठी कार्ड घेतले, तेच अशा वेळी बिघडते. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार देय तारखेनंतर तीन दिवस उलटल्यावरच खाते थकीत म्हणून कळवता येते. ही सवलत चुकून राहिलेल्या भरण्यासाठी आहे, तिच्यावर दरमहा विसंबू नये.

एक उदाहरण घेऊ. २५,००० रुपयांच्या ठेवीवर ८० टक्के म्हणजे २०,००० रुपयांची मर्यादा मिळाली आणि १८,००० रुपयांचे बिल आले. ‘किमान देय’ म्हणून ९०० रुपये भरले, तर उशिराचे शुल्क लागत नाही, पण व्याज लागते, आणि तेही खरेदीच्या तारखेपासून. दरमहा ३.५ टक्के दर धरला तर महिन्याला सुमारे ६०० रुपये व्याज आणि त्यावर १८ टक्के जीएसटी होतो. त्याच महिन्यात साडेसहा टक्के दराने ठेवीवर मिळतात साधारण १३५ रुपये. म्हणून संपूर्ण बिल खात्यातून आपोआप वजा होण्याची सूचना बँकेला पहिल्याच दिवशी द्यावी. ती देताना ‘किमान रक्कम’ नव्हे, तर ‘पूर्ण रक्कम’ निवडली आहे ना, हे तपासावे. दरमहा वापर मर्यादेच्या ३० टक्क्यांच्या आत, म्हणजे या उदाहरणात ६,००० रुपयांपर्यंत, ठेवणे गुणांसाठी हितकर असते. कार्डावरून रोख मात्र काढू नये, कारण त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज चढते.

दोन-तीन महिन्यांनी सिबिलचा वर्षातून एकदा मिळणारा मोफत अहवाल काढून पाहावा. त्यात हे खाते तारणयुक्त क्रेडिट कार्ड म्हणून, योग्य मर्यादेसह दिसले पाहिजे. दिसत नसेल तर बँकेकडे लेखी तक्रार करावी. ती ३० दिवसांत न सोडवल्यास दिवसाला १०० रुपये भरपाई मागता येते. गुण तयार होण्यास साधारण सहा महिन्यांची नोंद लागते.

पुढे नेहमीचे कार्ड मिळाल्यावर हे बंद करायचे असल्यास सर्व बाकी भरून लेखी विनंती द्यावी. बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करणे बंधनकारक आहे. विलंब झाल्यास आणि खात्यात बाकी नसल्यास दिवसाला ५०० रुपये दंड बँकेने ग्राहकाला द्यावा लागतो. कार्ड बंद झाल्याचे पत्र हाती आल्यावर ठेवीवरील लिअन काढल्याचीही स्वतंत्र खात्री करून घ्यावी, कारण हे काम बँकेत अनेकदा वेगळ्या विभागाकडे असते आणि तेथे ते पडून राहू शकते.