गळालेल्या आठ जणांचा हिशेब

दोन इलेक्टिव्हपैकी एक निवडायची वेळ आली की आधी सीनिअरना विचारलं जातं आणि उत्तर ठरलेलं असतं: ‘तो घे, स्कोअरिंग आहे.’ जरा चिकित्सक विद्यार्थी मागच्या वर्षीच्या ग्रेडचा तक्ता मिळवतात आणि सरासरी काढतात. ते ऐकीव माहितीपेक्षा नक्कीच बरं. पण त्या सरासरीतून नेमकं काय कळतं, हे एक उदाहरण घेऊन तपासू. आकडे मी सोयीसाठी रचले आहेत.

ए ग्रेडला ४ गुण, बीला ३, सीला २, डीला १ आणि एफला शून्य, अशी पद्धत धरू. पहिल्या विषयाच्या वर्गात ४० जण होते. त्यांतल्या १० जणांना ए मिळाला, १६ जणांना बी, १० जणांना सी, दोघांना डी आणि दोघांना एफ. प्रत्येक ग्रेडचे गुण आणि ती मिळवणाऱ्यांची संख्या यांचा गुणाकार करून सगळं मिळवलं तर ११० येतात. त्याला ४० ने भागलं की २.७५. या वर्गातून डोळे मिटून एक विद्यार्थी उचलला तर त्याच्याकडून अपेक्षित असलेला जीपीए म्हणजे हा आकडा. त्याला प्रत्यक्षात २.७५ कधीच मिळणार नाहीत, कारण तशी ग्रेडच नाही.

दुसऱ्या विषयाच्या तक्त्यात १२ जण दिसतात. सहा ए, चार बी, दोन सी. बेरीज ४०, सरासरी ३.३३. डी नाही, एफ नाही. निवड सोपी वाटते.

आता पटसंख्या बघा. दुसऱ्या विषयाला सुरुवातीला २० जणांनी नाव नोंदवलं होतं. आठ जणांनी तो मध्येच सोडला. विषय सोडला की ग्रेड पडत नाही, आणि ग्रेड नाही म्हणून ते तक्त्यातही नाहीत. म्हणजे ३.३३ ही सरासरी विषय घेणाऱ्यांची नसून शेवटपर्यंत टिकलेल्यांची आहे. पहिल्या विषयात मात्र एकानेही वर्ग सोडला नव्हता. रडतखडत का होईना, सगळे तक्त्यात आहेत.

ते आठ जण टिकले असते तर त्यांना काय मिळालं असतं हे कुणालाच ठाऊक नाही, पण अंदाज बांधता येतो. माणूस विषय सोडतो तो सहसा पहिल्या चाचणीचे पेपर हातात पडल्यावर. सी आणि डीच्या मधोमध, म्हणजे सरासरी १.५ धरले तर त्यांचे १२ गुण होतात. ४० आणि १२ मिळून ५२, भागिले २०, म्हणजे २.६. सोपा वाटणारा विषय एकदम पहिल्याच्या खाली गेला. १.५ हा आकडा पटत नसेल तर उलटं गणित करावं, मला स्वतःला तेच जास्त आवडतं. दोन्ही विषय बरोबरीत येण्यासाठी या आठ जणांची सरासरी किती हवी? २० जणांना २.७५ प्रमाणे ५५ गुण लागतात, ४० आहेत, उरलेले १५ आठ जणांत वाटले की १.८८ येतात. म्हणजे सोडून गेलेल्यांना जेमतेम सी मिळाला असता असं वाटत असेल तर दोन्ही विषय जवळपास सारखेच.

शिवाय १२ हा आकडा फारच लहान आहे. त्यांतल्या एकाचा ए घसरून सी झाला असता तरी सरासरी ०.१७ ने उतरली असती. ४० जणांच्या वर्गात तेवढ्याच बदलाने फक्त ०.०५ चा फरक पडतो. आणि मोठा वर्गसुद्धा शेवटी एकाच प्राध्यापकाने एकाच वर्षी काढलेला पेपर असतो. त्यामुळे एका वर्षाच्या ४० ग्रेडपेक्षा चार वर्षांच्या दहा-दहा ग्रेड जास्त भरवशाच्या, मात्र शिकवणारी व्यक्ती तीच हवी.

यापुढचा प्रश्न जास्त अवघड आहे: वर्गात बसलं कोण होतं? समजा, दुसऱ्या विषयात टिकलेल्या १२ जणांचा आधीचा जीपीए ३.६ होता. मग ३.३३ मिळवून ते स्वतःच्या सरासरीपेक्षा ०.२७ ने खाली आले. पहिल्या विषयातली मुलं २.६ ची होती आणि २.७५ वर गेली, म्हणजे ०.१५ ने वर. तुमचा जीपीए ३.० असेल तर पहिल्यात ३.१५ आणि दुसऱ्यात २.७३ असा अंदाज निघतो. पद्धत ढोबळ आहे. सगळ्यांची ग्रेड सारखीच सरकते असं ती धरून चालते, आणि ३.९ वाल्याला ०.१५ ने वर जायला जागाच नसते. तरीही नुसत्या सरासरीपेक्षा ती तुमच्याबद्दल जास्त सांगते. वर्गाचा आधीचा जीपीए सहसा मिळत नाही. पण विषयाला कोणती पूर्वअट आहे आणि तो दुसऱ्या वर्षातले घेतात की शेवटच्या, एवढं पाहिलं तरी अंदाज येतो.

हे तक्ते उघड केले तर काय होतं, याचं एक उदाहरण आहे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाने १९९८ पासून प्रत्येक विषयाची मध्यक ग्रेड इंटरनेटवर टाकायला सुरुवात केली. तालिया बार, वृंदा कडियाली आणि असाफ झुसमन या संशोधकांनी २००९ मध्ये त्याचा परिणाम मांडला. सढळ हाताने ग्रेड देणाऱ्या विषयांकडे मुलांचा ओढा वाढला होता, आणि हुशार मुलांमध्ये ती ओढ कमी होती. म्हणजे तक्ता वाचूनच वर्गातली माणसं बदलली, आणि जुना तक्ता वेगळ्याच वर्गाचा ठरला. २०११ मध्ये विद्यापीठाने ही माहिती टाकणं थांबवलं.

काही विषयांत दरवर्षी ए आणि बीचं प्रमाण जवळपास तेच राहतं. असं दिसलं तर प्राध्यापक वर्गातल्या क्रमानुसार ग्रेड वाटत असण्याची शक्यता मोठी. तिथे जुनी सरासरी पाहून उपयोग नाही, यंदा शेजारी कोण बसणार ते पाहायचं.

इतका खटाटोप कशासाठी? तुमचे ९० क्रेडिट ३.० ने पूर्ण झाले असतील आणि विषय ३ क्रेडिटचा असेल, तर वरच्या अंदाजाप्रमाणे एकूण जीपीए पहिल्या विषयाने ३.००५ होईल, दुसऱ्याने २.९९१. शंभरातल्या एकाएवढा फरक. एरवी त्याकडे कुणी ढुंकूनही बघणार नाही. पण शिष्यवृत्तीची अट ३.० ची असली तर तोच फरक निर्णायक ठरतो, आणि मग सरासरी काढायचीच गरज उरत नाही, कारण प्रश्न एवढाच राहतो: बीच्या खाली जाण्याची शक्यता किती? पहिल्या विषयात ४० पैकी १४ जण बीच्या खाली गेले, म्हणजे ३५ टक्के. दुसऱ्यात नाव नोंदवलेल्या २० पैकी फक्त दोघे, १० टक्के. जे आठ जण गळाले त्यांच्या जीपीएला धक्का लागलेलाच नाही. वर्गाच्या ताकदीचा हिशेब घातला तर हे १० टक्के वाढतील, पण विषय सोडायची मुभा तुम्हालाही आहे. मात्र पदवीला नेमके हेच ३ क्रेडिट कमी पडत असतील तर सोडण्याची वाट बंद होते, आणि ते आठ जण पुन्हा हिशेबात धरावे लागतात.