रशियन संख्यावाचके आणि नामाची षष्ठी (मोजणी व किमतीचे स्वाध्याय)

रशियन भाषेत संख्येनंतर येणाऱ्या नामाचे रूप त्या संख्येवर ठरते. एक असेल तर नाम प्रथमेच्या एकवचनात राहते. दोन, तीन व चार यांच्यानंतर ते षष्ठी एकवचनात जाते आणि पाचपासून पुढे षष्ठी बहुवचनात. मराठीत ‘एक रुपया’ आणि ‘दोन रुपये’ एवढे दोनच प्रकार लागतात. तिथे तीन लागतात, आणि त्यांची सवय व्हावी म्हणून सुरुवातीच्या पाठांत वस्तू मोजण्याचे व भाव विचारण्याचे स्वाध्याय भरपूर असतात.

नियम पाहायला पुस्तक उघडायचीही गरज नाही, खिशातली नाणी पुरतात. एकाच्या रशियन नाण्यावर ‘रुब्ल’ असे लिहिलेले असते, दोनाच्या नाण्यावर ‘रुब्ल्या’, तर पाचाच्या आणि दहाच्या नाण्यावर ‘रुब्ल्येय’. सोव्हिएत काळातल्या सुट्ट्या पैशांतही हेच दिसे: १ कपेय्का, २ आणि ३ कपेय्की, पण ५, १०, १५, २० कपेयेक. ‘कपेयेक’ या रूपात शेवटचा ‘आ’ गळतो आणि उरलेल्या व्यंजनांच्या मध्ये एक स्वर येऊन बसतो. स्त्रीलिंगी नामांचे षष्ठी बहुवचन बऱ्याचदा असे प्रत्यय टाकून देऊन होते, त्यामुळे नवख्याला ते मूळ शब्दापेक्षाही मूळ वाटते. (इथली लिप्यंतरे उच्चाराला धरून आहेत. आघात नसलेला ‘ओ’ रशियनमध्ये ‘अ’सारखा ऐकू येतो, म्हणून ‘कपेय्का’.)

शेवटचा शब्द काय, ते पाहायचे

मराठी माणूस सगळ्यात आधी चुकतो तो एकविसावर. आपल्याकडे ‘एकवीस’ हा एकजीव शब्द आहे. त्यातला ‘एक’ वेगळा होऊन नामावर हुकूम चालवत नाही, म्हणून आपण सरळ ‘एकवीस रुपये’ म्हणतो. रशियनमध्ये मात्र एकवीस म्हणजे ‘द्वात्सत अदीन’, वीस आणि एक असे दोन सुटे शब्द. नामाच्या लगत उभा असतो तो ‘एक’, आणि नाम त्याचेच ऐकते: द्वात्सत अदीन रुब्ल. शब्दशः ‘एकवीस रुपया’. तसेच बावीस ते चोवीस यांना ‘रुब्ल्या’, पंचवीस ते तीस यांना ‘रुब्ल्येय’, एकतीसला पुन्हा ‘रुब्ल’. संख्या लाखात असली तरी शेवटचा शब्द एवढेच बघायचे.

याला अपवाद अकरा ते चौदा, पण तोही याच तर्कातला. अकरा म्हणजे ‘अदीनत्सत’, बारा ‘द्विनात्सत’. हे जोडून एक झालेले शब्द आहेत, मूळ अर्थ ‘दहावर एक’, ‘दहावर दोन’. त्यांच्या शेवटी सुटा ‘एक’ किंवा ‘दोन’ नाही, म्हणून त्यांच्यानंतर सरळ षष्ठी बहुवचन येते. अंकांत ११ किंवा ११२ लिहिले की डोळ्याला १ आणि २ दिसतात आणि हात चुकतो. संख्या मोठ्याने म्हणून पाहिली की चूक होत नाही.

संगणकावर रशियन भाषांतर करणाऱ्यांना हाच नियम सूत्र म्हणून लिहावा लागतो. त्यात अकरा ते चौदांसाठी १०० ने भागून उरलेली बाकी वेगळी तपासलेली दिसते:

```
n%10==1 && n%100!=11 ? 0 :
n%10>=2 && n%10<=4 && (n%100<10 || n%100>=20) ? 1 : 2
```

0 म्हणजे ‘रुब्ल’, 1 म्हणजे ‘रुब्ल्या’, 2 म्हणजे ‘रुब्ल्येय’.

एक बिल

स्वाध्यायात सहसा असा प्रसंग असतो: पाव ४२ रूबल, दूध ९७ रूबल, चीजचे पाकीट ११२ रूबल. ‘स्कोल्का स्तोइत ख्लेप?’ म्हणजे पाव केवढ्याला? उत्तर ‘सोरक द्वा रुब्ल्या’, कारण शेवटी ‘द्वा’ आहे. दूध ‘देव्यनोस्ता स्येम रुब्ल्येय’, कारण सात. चीज ‘स्तो द्विनात्सत रुब्ल्येय’. इथे ‘रुब्ल्या’ म्हणाल तर बाराचा सापळा लागला. आता बेरीज: २५१. बिल वाढत गेल्यावर शेवटी बहुवचनच येणार असे मन सांगत असते, पण गल्ल्यावरची बाई म्हणते, ‘स वास द्व्येस्ती पिद्दिस्यात अदीन रुब्ल’, तुमचे झाले दोनशे एकावन्न रूबल. नाम एकवचनात. पाचशेची नोट दिली तर परत येतात २४९, म्हणजे पुन्हा ‘रुब्ल्येय’. पाच रकमांत तीनही रूपे येऊन गेली. स्वाध्याय चांगला रचलेला आहे की नुसतीच आकडेमोड आहे, हे यावरूनच कळते. ज्यात सगळे भाव दहाच्या पटीत असतात, त्यात विद्यार्थी ‘रुब्ल्येय’ एवढे एकच रूप घोकून पूर्ण गुण घेऊन जातो.

दुकानातल्या भावफलकावर संख्येपुढे बहुधा ‘रुब’ एवढेच संक्षेपाने छापतात, किंवा रूबलचे चिन्ह असते. म्हणजे प्रत्यय वाचायला मिळत नाही, तो बोलणाऱ्यालाच पुरवावा लागतो. प्रश्नातले रूपही फसवते. ‘स्कोल्का’ म्हणजे ‘किती’, आणि त्याच्यापुढे मोजायची वस्तू षष्ठी बहुवचनात येते. ‘स्कोल्का रुब्ल्येय?’ असे ऐकले की तेच रूप जिभेवर चढते आणि उत्तर ‘द्वा रुब्ल्येय’ असे येते. उत्तराचे रूप प्रश्नातून उचलायचे नसते, आकड्यावरून घ्यायचे असते.

लिंगाची भानगड फक्त एक, दीड आणि दोन यांच्यापुरती. रूबल पुल्लिंगी म्हणून ‘अदीन रुब्ल’, ‘द्वा रुब्ल्या’. कोपेक स्त्रीलिंगी म्हणून ‘अद्ना कपेय्का’, ‘द्व्ये कपेय्की’. त्यातही ‘किंमत असणे’ हे क्रियापद द्वितीया घेते. पुल्लिंगी निर्जीव नामांची द्वितीया प्रथमेसारखीच असल्याने रूबलवर त्याचा परिणाम दिसत नाही, पण एकवीस कोपेक किमतीची वस्तू ‘द्वात्सत अद्नू कपेय्कू’ होते. हा बारकावा पहिल्या वर्षी बरेच जण सोडून देतात, आणि आजकाल कोपेकची नाणी फारशी हातात येत नसल्याने तो फारसा उघडाही पडत नाही.

दीडाला ‘पलतरा’ असा स्वतंत्र शब्द आहे आणि त्याच्यापुढेही षष्ठी एकवचन येते: ‘पलतरा रुब्ल्या’. ‘दीड रुपया’ म्हणताना आपणही एकवचनच ठेवतो, त्यामुळे हे रूप मराठी कानाला परके वाटत नाही. दशांश अपूर्णांकालाही तेच, अडीच रूबल अंकांत २,५ असे लिहिले तरी नाम ‘रुब्ल्या’. कारण वाचताना ते ‘रूबलचे दोन पूर्ण पाच दशांश’ अशा अर्थाचे होते.

दोन, तीन, चारच का?

जुन्या रशियनमध्ये संस्कृतसारखे द्विवचन होते. शाळेत ‘रामौ’ पाठ केलेल्याला ते सांगायला नको. दोनाबरोबर द्विवचन येई, तीन-चाराबरोबर साधे बहुवचन. पुल्लिंगी नामांच्या एका मोठ्या गटात द्विवचनाचा शेवट ‘आ’ होता, आणि योगायोगाने षष्ठी एकवचनाचाही तोच. मध्ययुगात द्विवचन हळूहळू बुडाले, तेव्हा लोक ‘द्वा रुब्ल्या’तले रूप षष्ठी एकवचन म्हणून ओळखू लागले. मग ते तीन आणि चारांनाही लागू झाले. म्हणजे आजच्या व्याकरणात जिला षष्ठी म्हणतात, ती मुळात षष्ठी नव्हतीच.

याचा पुरावा आघातात राहिला आहे. ‘चास’ म्हणजे तास. त्याची खरी षष्ठी ‘चासा’, आघात पहिल्या अक्षरावर: ‘ओकला चासा’, सुमारे तासभर. पण ‘दोन तास’ म्हणताना आघात शेवटी जातो आणि पहिला स्वर बारीक होऊन ‘द्वा चिसा’ ऐकू येते. लिहिताना दोन्ही अगदी सारखे. पाऊल, रांग अशा मोजक्या शब्दांतही हाच फरक टिकून आहे.

पाचापासूनची गोष्ट वेगळी. ‘प्यात’ म्हणजे पाच हे मुळात विशेषण नव्हते, स्त्रीलिंगी नाम होते. ‘पाच रूबल’ म्हणजे ‘रूबलांचे पंचक’ असा प्रयोग होता, म्हणून पुढचे नाम षष्ठी बहुवचनात. चार आणि पाच यांच्यामधली ही रेघ संस्कृतातही आहे. एकः-एका-एकम् पासून चत्वारः-चतस्रः-चत्वारि पर्यंत लिंग बदलते, आणि ‘पञ्च’ पासून ते थांबते. रशियनने त्यातले लिंग एक-दोनपुरते राखले, आणि स्त्रीलिंगी ‘द्व्ये’ तर संस्कृत ‘द्वे’ची बहीणच आहे.

शंभराच्या पटीतल्या शब्दांत हा सगळा इतिहास गोठून बसलेला दिसतो. ‘स्तो’ म्हणजे शंभर. दोनशे ‘द्व्येस्ती’, यात शंभराचे जुने द्विवचन आहे. तीनशे-चारशे ‘त्रीस्ता’, ‘चितीरेस्ता’, यांत शंभराचे जुने साधे बहुवचन. पाचशे ‘पित्सोत’, यात षष्ठी बहुवचन. हजार मात्र अजून पूर्ण नामच आहे. एक ‘तीस्यचा’, दोन ‘तीस्यची’, पाच ‘तीस्यच’ असे ते स्वतः मोजले जाते आणि त्याच्या लगतचे रूबल कायम षष्ठी बहुवचनात ठेवते. २०१७ साली आलेल्या दोन हजारांच्या नोटेचे नाव ‘द्व्ये तीस्यची रुब्ल्येय’ असे पडते ते यामुळे. दीड हजार ‘पलतरी तीस्यची रुब्ल्येय’. पण २००१ झाले की शेवटी ‘अदीन’ येतो आणि पुन्हा ‘रुब्ल’.

नियम कुठे थांबतो

वर सांगितलेले सारे संख्या स्वतः प्रथमेत किंवा निर्जीवांच्या द्वितीयेत असेल तेवढ्यापुरतेच खरे. इतर विभक्तीत संख्या आणि नाम दोघेही एकत्र चालतात आणि शेवटी सुटा ‘एक’ नसेल तर नाम बहुवचनात जाते. ‘दोन रूबल घेऊन’ म्हणजे ‘स द्वुम्या रुब्ल्यामी’. ‘दोन रूबलांपेक्षा कमी’ म्हणताना ‘मेन्शे द्वुख रुब्ल्येय’ असे होते, म्हणजे दोनापुढेच ‘रुब्ल्येय’. मघाशी हेच चूक म्हणून खोडले होते, इथे तेच बरोबर.

काही नामे षष्ठी बहुवचनासाठी भलताच शब्द वापरतात. वर्ष ‘गोत’, दोन वर्षे ‘द्वा गोदा’, पण पाच वर्षे ‘प्यात ल्येत’, जिथे ‘ल्येत’ हे उन्हाळा या शब्दाचे रूप आहे. वजनाच्या बाबतीत बोलभाषा व्याकरणाला जुमानत नाही. पुस्तकात ‘स्तो ग्रामाफ’ शिकवतात, बाजारात शंभर ग्रॅम मागताना बहुतेक जण प्रत्यय न लावता ‘स्तो ग्राम’ म्हणतात, आणि समोरचा तेवढेच तोलून देतो.