जाड रेघ कुणासाठी थांबते?

दिवाळीच्या फराळाची एक ऑनलाइन ऑर्डर घेऊ. पुण्याहून न्यू जर्सीला पाठवायची आहे. पैसे जमा झाले की दुकानात दोन कामं एकदम सुरू होऊ शकतात. एकीकडे चकल्या-लाडू भरून खोकं बांधायचं, दुसरीकडे बिल आणि कस्टम्सचे कागद तयार करायचे. दोन्ही झाली की खोकं कुरिअरला द्यायचं.

सॉफ्टवेअर बनवणारे हे अॅक्टिव्हिटी डायग्रामने दाखवतात. गोल कोपऱ्यांची चौकट म्हणजे एक काम. 'पैसे जमा' या चौकटीतून निघालेला बाण एका जाड रेघेवर येतो आणि पलीकडून दोन बाण बाहेर पडतात. हा फोर्क. पुढे दोन्ही बाण दुसऱ्या जाड रेघेला मिळतात आणि तिथून एकच निघतो. हा जॉइन. बांधणीला ४० मिनिटं आणि कागदांना १५ मिनिटं धरली, तर जॉइन ४० मिनिटांनी सुटतो, ५५ नाही. मात्र दोन्ही कामं करणारा माणूस एकच असेल तर ५५च लागतील. कामं एकमेकांसाठी अडून नाहीत, एवढंच फोर्क सांगतो. माणसं किती आहेत ते तो सांगत नाही.

आता खरी गफलत कुठे होते ते पाहू. ग्राहकाला भेटीचं वेष्टण हवं का, हा प्रश्न बांधणीच्या वाटेत येतो. असा प्रश्न शंकरपाळीच्या आकाराने दाखवतात. तिच्यातून 'हो' आणि 'नाही' असे दोन बाण निघतात, पण कुठल्याही ऑर्डरसाठी त्यातला एकच चालतो. नवशिका काय करतो, की 'हो'कडचा, 'नाही'कडचा आणि कागदांचा, असे तिन्ही बाण थेट जॉइनला जोडतो. जॉइन तिघांसाठी थांबतो, येतात मात्र दोनच. ऑर्डर तिथेच अडकते आणि बिघाडाची कुठलीही सूचना येत नाही, म्हणून ही चूक मला सर्वात घातक वाटते.

ती पकडायला आकृतीवर नाणं ठेवून पाहावं. सॉफ्टवेअरच्या आकृत्या काढायची प्रमाण पद्धत म्हणजे यूएमएल. तिच्या २००५च्या २.० आवृत्तीत या आकृतीचा अर्थ अशाच सरकणाऱ्या टोकनांवर बांधलेला आहे. फोर्कवर एका नाण्याची दोन होतात. शंकरपाळीवर एकाचं एकच राहतं. जॉइनला प्रत्येक बाणावर एक नाणं लागतं. आपल्या आकृतीत तिसऱ्या बाणावरचं नाणं कधीच येत नाही, हे लगेच दिसतं. उपाय सोपा आहे: 'हो' आणि 'नाही' या वाटा आधी दुसऱ्या शंकरपाळीत एकत्र करायच्या आणि तिथून एकच बाण जॉइनला न्यायचा.

उलट चूकही होते. फोर्कमधून फुटलेल्या वाटा जॉइनऐवजी शंकरपाळीत मिळवल्या, तर ती कुणासाठी थांबत नाही. कागद झाले की कुरिअरला बोलावणं जातं आणि खोकं तयार झालं की पुन्हा जातं.

काही जण जॉइन काढतच नाहीत, दोन बाण सरळ 'कुरिअरला द्या' या चौकटीत घुसवतात. यूएमएल २ मध्ये अशी चौकट दोन्ही बाणांसाठी थांबते, पण यूएमएल १ मध्ये एक बाण आला तरी पुरे होता. त्यामुळे तीच आकृती दोघं जण दोन प्रकारे वाचू शकतात. रेघ काढली की ती शक्यता उरत नाही.