गोळी अकराला की दीडला? अर्धशिशी आणि ऑफिसचं घड्याळ

माझी मावसबहीण सोलापुरात टॉवेल निर्यात करणाऱ्या एका ऑफिसात हिशेब बघते. तिला अर्धशिशीचा, म्हणजे मायग्रेनचा त्रास आहे. मॅनेजरांना द्यायचं पत्र तिने मला वाचायला दिलं. "डोकं फार दुखतं, तरी वेळेत सवलत मिळावी," एवढाच त्याचा सारांश. यावर कोणीही म्हणेल, डोकं तर आमचंही दुखतं, एक गोळी घ्या आणि मार्चअखेर उरका. मग आम्ही पत्र पुन्हा लिहिलं आणि मुख्य मागणी एकच ठेवली:

"सर, दुखणं सुरू होताच गोळी घेऊन अंधाऱ्या खोलीत पाऊण तास पडायची परवानगी असावी. तेवढा वेळ मी संध्याकाळी भरून काढीन."

एवढी घाई कशाला, हे मात्र समजावून सांगावं लागतं.

मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही. ती कळते त्याच्याभोवतीच्या आवरणांना आणि तिथल्या रक्तवाहिन्यांना. ट्रायजेमिनल नावाच्या नसेची टोकं तिथे पोचलेली असतात. झटका आला की ही टोकं सीजीआरपी नावाचं एक छोटं प्रथिन सोडतात आणि स्वतःच हळवी होऊन बसतात. मग नाडीचा साधा ठोकाही ठणक्यासारखा लागतो आणि वाकलं की तो वाढतो. हा पहिला टप्पा.

या नसेचं दुसरं टोक मेंदूच्या बुंध्यात पुढच्या पेशीला निरोप देतं. याच पुढच्या पेशीकडे कपाळाच्या आणि टाळूच्या त्वचेचे निरोपही येत असतात. तास-दोन तास मारा चालू राहिला की ही दुसरी पेशीही हळवी होते आणि खालून निरोप आला नाही तरी ओरडत राहते. डोअरबेलचं बटण आत अडकलं की पाहुणा निघून गेला तरी घंटा वाजतच राहते, तसं. आता केसांत कंगवा फिरवला तरी दुखतं, अंबाडा सोडावासा वाटतो, चष्म्याची काडी टोचते. याला अ‍ॅलोडायनिया म्हणतात. मायग्रेनच्या निम्म्याहून जास्त रुग्णांना तो होतो.

सुमाट्रिप्टान, रिझाट्रिप्टान या गोळ्या मुख्यतः पहिल्या आणि दुसऱ्या पेशीमधला निरोप अडवतात. दुसरी पेशी आपणहून ओरडायला लागली की अडवायला निरोपच उरत नाही. बोस्टनमध्ये रामी बरस्टीन आणि सहकाऱ्यांनी २००४ साली हेच दाखवलं: कातडी हळवी होण्याआधी घेतलेल्या गोळीने दुखणं बहुतेकदा पूर्ण थांबलं, नंतर घेतलेलीने क्वचितच. त्यात झटक्यात जठरही मंदावतं, त्यामुळे उशिरा घेतलेली गोळी पोटातच रेंगाळते.

आता बहिणीचा दिवस बघा. दहाला मान आखडते, जांभया येतात. अकराला डाव्या कानशिलात ठणका सुरू होतो. तेव्हाच गोळी घेतली तर जेवणाच्या सुट्टीनंतर ती पुन्हा टेबलावर असते. "एवढं बिल संपवते" म्हणत दीड वाजवला, तर गोळी वाया जाते आणि उरलेला दिवसही. झटका ४ ते ७२ तास चालू शकतो, म्हणजे कदाचित दुसरा दिवसही. कंगवा दुखायला लागला की वेळ हुकली असं समजावं.

हे झटके आपणहूनही संपतात. म्हणून सूर्योदयाआधी अर्धशिशी "उतरवून" देणाऱ्यांचा धंदा चालतो. तीन दिवस थांबा, श्रेय ज्याला द्याल त्याला मिळेल.

कारणांबद्दल पत्रात मोजकंच लिहिलं: हुकलेलं जेवण, झोपेची बदललेली वेळ, मे महिन्याचं ऊन. म्हणून रात्री उशिरापर्यंत थांबवून सकाळी लवकर बोलावू नये आणि खिडकीसमोरची जागा बदलून मिळावी, अशी विनंती केली. उजेडाला मात्र सरसकट दोष देता येत नाही. झटक्याच्या आधीच्या तासांत उजेड आपोआप खुपायला लागतो, त्यामुळे कधीकधी जे कारण वाटतं ते खरं तर लक्षणच असतं.

लवकर गोळी म्हणजे रोज गोळी नव्हे. ट्रिप्टान महिन्यात दहा किंवा अधिक दिवस, काही महिने सलग घेतली तर औषधामुळेच डोकं दुखू लागतं. हृदयविकार असणाऱ्यांनी तर ती घ्यायचीच नाही. झटके वारंवार येत असतील तर डॉक्टर ते टाळण्यासाठी रोजचं औषध देतात. बहिणीला प्रोप्रानोलोल सुरू झालं आहे. दमा असता तर ते देता आलं नसतं. त्याचा गुण दिसायला दोन-तीन महिने लागतात, म्हणून पत्राचा शेवट असा केला:

"ही सोय तीन महिन्यांसाठी द्यावी. झटक्याची तारीख, गोळीची वेळ आणि कामावर परतल्याची वेळ मी वहीत नोंदवीन. ती पाहून पुढचं आपण ठरवावं."